दशलक्षी शहरांचा भित्तितक्ता : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

मराठी शाळांसाठी भूगोलाचे भित्तितक्ते आम्ही दादरच्या दोन खोल्यांत बसून करतो. आज नव्या तक्त्याचं काम हाती घेतलं: भारतातली दशलक्षी शहरं, म्हणजे दहा लाख किंवा त्याहून जास्त वस्तीची. आमचा जुना तक्ता २००१ च्या जनगणनेवरचा आहे, त्यावर ३५ नावं छापलेली आहेत. २०११ च्या यादीत ५३ आहेत. त्यानंतर जनगणना झालेलीच नाही, त्यामुळे आज शाळेत लावायला हाच ताजा आकडा. अठरा नावं वाढवायची, नकाशावर अठरा ठिपके टाकायचे, असा माझा हिशेब होता.

आमचे तक्ते तपासून देणारे भूगोलाचे एक सर नालासोपाऱ्याला शिकवतात. त्यांना कच्ची यादी पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, वसई-विरार यादीत आलंय, पोरं खूश होतील. पण पहिला हात वर होईल तो ठाण्यासाठी. ठाणं आमच्यापेक्षा मोठं, मग ते कुठाय?"

मी यादी पुन्हा वरपासून खाली वाचली. ठाणे नाही. नवी मुंबई नाही. मी जिथे राहते ते कल्याण-डोंबिवलीही नाही. वसई-विरारची लोकसंख्या १२,२२,३९० आणि आमची १२,४७,३२७. तरी ते आहेत आणि आम्ही नाही. हे उलगडल्याशिवाय एकही ठिपका टाकायचा नाही असं ठरवलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

उत्तर तक्त्याच्या रकान्यातच होतं. ५३ ची यादी 'शहरांची' नाहीच. रकान्याचं नाव आहे `UA/City`. UA म्हणजे नागरी समूह. एखादं शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती, किंवा एकमेकांना भिडलेली दोन-चार शहरं, यांचा सलग पसारा जनगणना एकच धरते. अट अशी की त्यातलं निदान एक शहर कायद्याने शहर ठरलेलं हवं, म्हणजे त्याला महापालिका, नगर परिषद असं काही हवं; आणि सगळ्या तुकड्यांची मिळून आधीच्या जनगणनेतली वस्ती निदान २०,००० हवी. जे शहर कुठल्याच समूहात नाही ते एकट्याने यादीत येतं.

ठाणे मुंबईच्या समूहात आहे. त्यामुळे ते यादीत आहे, फक्त मुंबईच्या नावाखाली. कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबईचंही तेच.

मी रोज हा पसारा गाडीतून बघते. डोंबिवली सुटली की कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मग मुलुंड. हद्द कुठे बदलली हे खिडकीतून कळत नाही. दुसऱ्या बाजूला कल्याणपासून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशीच माळ लागते. 'सलग' हा शब्द व्याख्येत का आहे ते मध्य रेल्वेच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

मुंबईच्या समूहात नेमकं कोण कोण आहे हे स्वतः बेरीज करून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. आठ तुकडे निघाले. २०११ चे आकडे असे:

बृहन्मुंबई महापालिका १,२४,४२,३७३
ठाणे १८,४१,४८८
कल्याण-डोंबिवली १२,४७,३२७
नवी मुंबई ११,२०,५४७
मीरा-भाईंदर ८,०९,३७८
उल्हासनगर ५,०६,०९८
अंबरनाथ २,५३,४७५
बदलापूर १,७४,२२६

छापील बेरीज १,८३,९४,९१२ आहे. माझी पहिली बेरीज २२,६१६ ने कमी आली. दुपारभर शोधत होते. एखादं गाव राहिलं असेल, लष्करी वसाहत वेगळी धरली असेल, असे तर्क लढवले. चूक माझ्याच फाइलमध्ये होती. २०११ चे आकडे दोनदा आले, आधी तात्पुरते आणि मग अंतिम. ठाण्याचा आकडा मी तात्पुरत्या यादीतून उचलला होता, १८,१८,८७२. बाकी सात अंतिम यादीतले. ठाणे बदललं आणि

```
=SUM(B2:B9)
```

ने शेवटच्या अंकापर्यंत जुळवून दिलं. शाळांच्या पुस्तकांत मुंबईचा आकडा कधी १,२४,७८,४४७ दिसतो आणि कधी १,२४,४२,३७३, त्याचं कारणही हेच. पहिला तात्पुरता, दुसरा अंतिम. कोणता घ्यायचा याचा फार वाद नको, अंतिमच घ्यायचा. पण एका तक्त्यात दोन्ही मिसळले तर बेरीज कधीच जमणार नाही.

आठ आकड्यांनीच बेरीज पुरी होते, यातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. नवव्या तुकड्याला जागाच उरत नाही. भिवंडी यात नाही, पनवेल नाही, वसई-विरार नाही. रोज मुंबईला कामाला येणारी ही माणसं २०११ च्या 'मुंबई'त धरलेली नाहीत.

११ ऑगस्ट, सोमवार

नवा पेच. आमच्या चित्रकाराने कुठेतरी वाचलेलं दाखवलं: "२०११ मध्ये भारतात ४६ दशलक्षी शहरं." विचारतो, "ताई, ५३ की ४६?" मला वाटलं कुणीतरी चूक केली असेल. पण दोन्ही बरोबर आहेत. ४६ हे शहरांचे आहेत, प्रत्येक शहर आपल्या हद्दीत मोजून. ५३ हे समूहांचे, आणि समूहाबाहेरच्या एकट्या शहरांचे.

एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाता येतं का ते बघितलं. सगळा दिवस यात गेला, पण या कामातला माझा सगळ्यात आवडता दिवस हाच.

५३ पासून सुरुवात केली. यातल्या प्रत्येक समूहाचं मुख्य शहर उघडून बघितलं की ते स्वतः दहा लाखांचं आहे का. बारा ठिकाणी नाही असं निघालं. केरळचे सातच्या सात समूह, कोची, तिरुवनंतपुरम, कोळिकोड, त्रिशूर, मलप्पुरम, कण्णूर, कोल्लम. शिवाय जमशेदपूर, आसनसोल, दुर्ग-भिलाई, तिरुचिरापल्ली आणि चंदीगड. तिथला पसारा दहा लाखांवर आहे, पण कुठलीही एक महापालिका तेवढी मोठी नाही. ५३ मधून १२ गेले, उरले ४१.

आता उलट बाजू. जी शहरं स्वतः दहा लाखांवर आहेत पण दुसऱ्याच्या समूहात झाकली गेली आहेत, ती शोधली. पाच सापडली. मुंबईच्या पोटात ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई. पुण्याच्या पोटात पिंपरी-चिंचवड. कोलकात्याच्या पोटात हावडा. ४१ आणि ५, झाले ४६.

पाचांतली चार महाराष्ट्रातली आहेत. म्हणून हा गोंधळ मराठी शाळेत जास्त होतो. समूहांच्या यादीत महाराष्ट्राची नावं सहा: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार, औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर). शहरांच्या यादीत तीच दहा होतात. दोन मुलांनी दोन पुस्तकं बघून सहा आणि दहा असं लिहिलं तर शिक्षकाने दोघांना बरोबर द्यायला हवं, फक्त कोणती यादी ते विचारून.

आमच्या जुन्या तक्त्यातली एक चूकही आज उघडी पडली. कुणीतरी आपुलकीने समूहांच्या यादीच्या तळाशी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हाताने जोडली होती. भावना समजते, पण त्यामुळे तीच माणसं दोनदा मोजली गेली. २०११ च्या आकड्यांत नवी मुंबई धरून तीच चूक केली तर ४२,०९,३६२ माणसं दोनदा येतील.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने गाड्या बंद. घरूनच काम. २००१ आणि २०११ शेजारी ठेवले.

मुंबईचा समूह दोन्ही वेळा त्याच आठ तुकड्यांचा आहे. २००१ चे आठ जोडले तर १,६४,३४,३८६ येतात आणि छापील आकडाही तोच. म्हणजे इथे वाढ सरळ मोजता येते: दहा वर्षांत १९,६०,५२६. त्यातली महापालिकेच्या हद्दीतली वाढ फक्त ४,६३,९२३. उरलेली सुमारे पंधरा लाख ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची. कुलाबा ते शीव-माहीम या शहर जिल्ह्यात तर माणसं कमी झाली, ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर.

पण एका ओळीपाशी मी अडकले, आणि ती माझ्याच गावची निघाली. दहा वर्षांत ठाणे पावणेसहा लाखांनी वाढलं, नवी मुंबई चार लाखांवर वाढली आणि कल्याण-डोंबिवली अवघी ५३,८१५ ने. डोंबिवलीत राहणारं कुणीही यावर विश्वास ठेवणार नाही. त्या दहा वर्षांत इथे काय उभं राहिलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

उत्तर बाबांनी दिलं, चहाचा कप खाली न ठेवता. "अगं, सत्तावीस गावं." २००१ ला ती गावं महापालिकेत होती. २००२ मध्ये ती वगळली. २०११ ला ती हद्दीबाहेर होती, आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. म्हणजे २००१ चं कल्याण-डोंबिवली आणि २०११ चं कल्याण-डोंबिवली यांचं नाव एक, पण जमीन वेगळी. पुढच्या जनगणनेत आमची वाढ अचानक मोठी दिसेल आणि तीही तेवढी खरी नसेल.

समूहाचे तुकडे मोजून मी निर्धास्त झाले होते. तुकड्यांची नावं तीच असली तरी हद्द तीच असते असं नाही, हे आज कळलं. सकाळी लिहिलेल्या वाढीच्या आकड्याशेजारी फुली मारून ठेवली आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

सरांना भेटायला नालासोपाऱ्याला गेले. गाडी भाईंदर सुटून पुलावर आली की दोन्ही बाजूंना खाडीच खाडी, मध्ये पाणजू बेट, मग नायगाव. इतका वेळ खिडकीत एकही इमारत नाही. मीरा-भाईंदर मुंबईच्या समूहात आणि वसई-विरार बाहेर, यामधली रेघ म्हणजे ही खाडी. दहिसरच्या नाक्यावर अशी मोकळी जागा नाही.

सरांनी शाळेच्या कपाटातून जुनी कागदपत्रं काढून ठेवली होती. २००१ मध्ये वसई-विरार नावाचं शहरच नव्हतं. चार नगर परिषदा होत्या: नालासोपारा सुमारे १.८५ लाख, विरार १.१९, नवघर-माणिकपूर १.१७ आणि वसई ४९ हजार. चारही मिळून पावणेपाच लाखांच्या आत. ३ जुलै २००९ ला या चार आणि भोवतालची गावं मिळून महापालिका झाली. २०११ मध्ये थेट १२,२२,३९०.

तारीख बघा, इथे मजा आहे. जनगणनेआधी हद्दी गोठवतात. त्यानंतर सरकारने कितीही बदल केले तरी मोजणी जुन्याच हद्दीने होते. २०११ साठी ही तारीख ३१ डिसेंबर २००९ होती. महापालिका सहा महिने आधी झाली म्हणून एक शहर म्हणून तिची मोजणी झाली. ती २०१० मध्ये झाली असती तर तक्त्यात चार नगर परिषदा वेगवेगळ्या आल्या असत्या, आणि दहा लाखांवर जाण्यासाठी त्यांना समूह म्हणूनच एकत्र धरावं लागलं असतं.

मी सरांना म्हटलं, "म्हणजे ही वाढ कागदावरचीच." सर खुर्चीत पुढे सरकले. "नाही ताई. वर्गातले बाक मी मोजलेत." त्यांनी तालुक्याचा आकडा पुढे ठेवला. वसई तालुका २००१ मध्ये सुमारे ८ लाख, २०११ मध्ये १३.४३ लाख. तालुक्याची हद्द महापालिका झाल्याने बदलत नाही. तिथेच साडेपाच लाख माणसं वाढलेली आहेत. म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम घडल्या: माणसं खरोखर आली आणि रेघही नव्याने आखली गेली. सर बरोबर होते, आणि ही कसोटी मी त्यांच्याकडून शिकले. शहराचा आकडा उडी मारताना दिसला की त्याच्याभोवतीच्या तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा आकडा बघायचा.

२५ ऑगस्ट, सोमवार

तीच कसोटी केरळला लावली. अठरा नव्या नावांतली सहा केरळची आहेत, म्हणून तिकडे जाणं भागच होतं. मलप्पुरमचा समूह २००१ मध्ये १,७०,४०९ होता. २०११ मध्ये १६,९९,०६०. दहा वर्षांत दहापट. पण मलप्पुरम जिल्हा ३६.२५ लाखांवरून ४१.१३ लाखांवर गेला, म्हणजे साडेतेरा टक्के. जिल्हाभरात पाच लाख माणसं वाढली, तर एका समूहात पंधरा लाख कुठून येणार? माणसं होती तिथेच आहेत, त्यांना शहरात धरलं गेलं.

ते कसं होतं, तेही शोधलं. एखाद्या गावाला नगर परिषद नसली तरी तीन अटी पुऱ्या झाल्या तर जनगणना त्याला शहर धरते: वस्ती निदान ५,०००, पुरुष मुख्य कामगारांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं. अशा गावाला तक्त्यात `CT` लिहितात. त्याचा कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. देशात अशी ठिकाणं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९२ झाली. एकट्या केरळात ९९ वरून ४६१. तिथली गावं कोकणातल्यासारखी विरळ वाड्यांची नाहीत. एकाचं घर संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. शेती सुटली की ७५ टक्क्यांची अट पुरी होते, आणि एकाला एक लागून असलेली अशी गावं मुख्य शहराला जोडली की समूह फुगतो. मलप्पुरमची नगरपालिका स्वतः जेमतेम एक लाखाची आहे.

हे खोटं नाही. नियम सगळ्या देशाला एकच होते आणि ती गावं त्यात बसली. पण 'मलप्पुरम हे वसई-विरारपेक्षा मोठं शहर' असं मुलांना सांगणं मला पटत नाही. तक्त्यात दोन्हींचा ठिपका सारखा दाखवायचा नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीची गडबड, त्यामुळे थोडंच काम. जुन्या दशकांची पट्टी तयार केली: १९५१ मध्ये ५, मग ७, ९, १२, २३, ३५, ५३. यातही मधे माप बदललंय. नागरी समूह ही कल्पना १९७१ पासूनची. त्या वर्षी पुणे यादीत आलं, पण पुणे महापालिका तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास होती. पिंपरी-चिंचवडकडचा पसारा, लष्करी छावण्या वगैरे धरून समूह अकरा लाखांवर गेला आणि पुणे दशलक्षी झालं. पट्टीवर १९७१ पाशी बारीक उभी रेघ मारायला चित्रकाराला सांगितलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

तक्ता छपाईला गेला. ५३ ठिकाणी ठिपके. ज्या बारा समूहांत एकही शहर दहा लाखांचं नाही, तिथे ठिपका पोकळ. मुंबई, पुणे, कोलकाता यांच्या ठिपक्यांच्या आत पाच छोटी वर्तुळं, प्रत्येकाचं नाव बाहेर रेघ ओढून. छपाईवाले काका म्हणाले, "मुंबईपाशी फार गर्दी झालीय, एखादं नाव काढा." काढलं नाही. ठाणे-कल्याणसाठी मुंबईचा कोपरा मोठा करून समुद्रात चौकट घातली. तिच्यात खाडी निळी दाखवली आहे, भाईंदर आणि नायगावच्या मधे.

उजवीकडे एक रकाना रिकामा सोडलाय, २०२७ च्या जनगणनेसाठी. तिच्यासाठी हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवणार आहेत. रकान्याखाली पेन्सिलीने माझ्यासाठी दोन नावं लिहून ठेवली: सत्तावीस गावं आणि पनवेल. पनवेल २०१६ मध्ये महापालिका झाली आणि खारघर, कामोठे तिच्यात गेले. हा पसारा नवी मुंबईमार्गे मुंबईच्या समूहाला जोडला तर मुंबईचा आकडा मोठी उडी घेईल आणि पनवेल स्वतः कितीही मोठं असलं तरी समूहांच्या यादीत वेगळं दिसणार नाही. वेगळं ठेवलं तर कदाचित नवा ठिपका लागेल. चौकटीत खाडीच्या खाली त्यासाठी बोटभर जागा ठेवायला सांगितली आहे.